दोन वर्षांनी जुन्या कंपनीकडून रिलीव्हिंग आणि एक्सपिरियन्स लेटर मिळवलं, त्याची गोष्ट

३० ऑगस्ट २०२२ हा माझा भोसरीतल्या कंपनीतला शेवटचा दिवस, आणि दुसऱ्याच दिवशी गणपती. संध्याकाळी वल्लभनगरहून संगमेश्वरची गाडी पकडायची होती त्यामुळे दुपारपासूनच माझं अर्धं लक्ष बॅगेकडे होतं. हातात नो ड्यूजचा फॉर्म, त्यावर सहा जणांच्या सह्या पाहिजेत, डिपार्टमेंट, टूल स्टोअर, आयटी, अकाउंट्स, कॅन्टीन आणि टाइम ऑफिस. पाच झाल्या. स्टोअरवाले काका आदल्या दिवशीच गावी निघून गेलेले. तेव्हाचे एचआर सर म्हणाले, ताई तुम्ही गणपती करून या, ती एक सही मी घेतो आणि लेटर्स मेलवर टाकतो. ऑक्टोबरमध्ये फुल अँड फायनलचे पैसे खात्यात आले, मला वाटलं विषय संपला. लेटर्स मात्र आली नाहीत आणि मीही मागितली नाहीत, कारण पुढची नोकरी ओळखीतून एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागली, तिथे कुणी कागद विचारलेच नाहीत.

सप्टेंबर २०२४ च्या शेवटी चाकणच्या एका मोठ्या कंपनीची ऑफर आली, १८ नोव्हेंबरचं जॉइनिंग. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणाऱ्या एजन्सीच्या लिंकवर कागद चढवले आणि दोन दिवसांत मेल आला की भोसरीच्या नोकरीवर इन्सफिशियन्सी लागली आहे, म्हणजे कागद अपुरे आहेत, रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपिरियन्स लेटर द्या. माझ्या एकूण पाच वर्षांतली तीन वर्षं आणि तीन महिने त्या एका कंपनीत गेलेले, ते सोडून देण्यासारखं नव्हतंच.

पहिले काही दिवस मी चुकीच्या पद्धतीने मागत राहिले. एचआर सरांना व्हॉट्सॲप केलं तर ते म्हणाले मी ती कंपनी कधीच सोडली. त्यांच्या जुन्या आयडीवर मेल केला तो परत आला. मग रिसेप्शनला फोन करून एचआरचा कॉमन आयडी घेतला आणि ३ ऑक्टोबरला दोन ओळींचा मेल टाकला, की माझी लेटर्स अजून मिळाली नाहीत, फार अर्जंट आहे, लवकरात लवकर पाठवा. आठ दिवस काहीच उत्तर नाही. मला इतका राग आलेला की पुढच्या मेलमध्ये डायरेक्टर साहेबांना सीसीत घ्यायचं आणि लेटर देणं तुमचं कर्तव्य आहे वगैरे लिहायचं असं डोक्यात पक्कं झालं होतं. तो मेल ड्राफ्टमध्ये तयारही होता. पण पाठवायच्या आधी एकदा फोन करून बघू म्हणून ११ तारखेला फोन केला, नवीन एचआर मॅडमनी उचलला, आणि त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "हे बघा, मी इथे २०२३ मध्ये जॉइन झाले. मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. तुमच्या मेलमध्ये एम्प्लॉयी कोडसुद्धा नाहीये. मी नेमकी कशावर सही करू?"

त्या एका प्रश्नावर माझा राग उतरला, कारण त्यांचं बरोबर होतं. मी डोळ्यासमोर आणून बघितलं. त्या बाईंच्या टेबलावर दिवाळी बोनसचं काम पडलेलं असणार, माझी फाइल कुठल्यातरी कपाटात, पेरोलचं सॉफ्टवेअर मध्ये बदललेलं, आणि लेटरहेडवर सही केल्यावर उद्या एजन्सीने विचारलं तर उत्तर त्यांनाच द्यायचंय. असं असताना दोन ओळींच्या मेलवर कुणीही सही करणार नाही. म्हणजे मला लेटर नुसतं मागायचं नव्हतं, तर लेटरमधली प्रत्येक ओळ त्यांना त्यांच्याच रेकॉर्डवरून पाच मिनिटांत तपासता येईल असं सगळं त्यांच्या पुढ्यात ठेवायचं होतं.

१२ ला दसरा होता. दुसऱ्या दिवशी रविवारी मी सगळे जुने मेल आणि फाइल घेऊन बसले. अपॉइंटमेंट लेटर सापडलं, जॉइनिंग ३ जून २०१९, हुद्दा ट्रेनी इंजिनियर क्वालिटी. एप्रिल २०२१ चं इन्क्रिमेंट लेटर सापडलं, त्यात क्वालिटी इंजिनियर केलेलं. राजीनामा १ जुलै २०२२ चा, साठ दिवसांचा नोटीस पिरियड, आणि तो मंजूर झाल्याचा एचआर सरांचा मेल, ज्यात शेवटचा दिवस ३० ऑगस्ट असं स्पष्ट लिहिलेलं. हा मेल सगळ्यात महत्त्वाचा ठरला. नशीब की राजीनामा देताना मी माझा पर्सनल आयडी सीसीत ठेवला होता म्हणून तो माझ्याकडे होता, कारण कंपनीचा आयडी तर ३० तारखेलाच बंद झालेला. शिवाय ऑगस्टची सॅलरी स्लिप आणि फुल अँड फायनलचा हिशेब.

मग ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन करून View मध्ये Service History उघडली आणि तिथे मला एक घोळ दिसला. एक्झिटची तारीख ३१ ऑगस्ट २०२२. ही तारीख कंपनीने नाही, मीच टाकलेली होती. कंपनीने ती भरली नाही तर शेवटचं काँट्रिब्युशन होऊन दोन महिने झाल्यावर आपण स्वतः Manage मधल्या Mark Exit मधून आधार ओटीपी देऊन भरू शकतो, आणि शेवटचं काँट्रिब्युशन ज्या महिन्याचं आहे त्या महिन्यातली कुठलीही तारीख ते घेतं. तेव्हा मला पीएफ ट्रान्सफर करायचा होता, मी विचार न करता महिन्याची शेवटची तारीख टाकून दिली. एकदा भरलेली तारीख तेव्हा आपल्याला तिथे परत बदलता येत नव्हती, त्यासाठी जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे आपण आणि कंपनीने मिळून द्यायचा दुरुस्तीचा अर्ज, करावं लागायचं. म्हणजे आता पीएफमध्ये ३१ आणि कंपनीच्या मेलमध्ये ३०. फरक एकाच दिवसाचा, पण सही करणाऱ्याच्या मनात शंका यायला तेवढा पुरतो. आधी वाटलं गप्प बसावं, कोण बघणार आहे, मग ठरवलं की मेलमध्ये आपणच सांगून टाकायचं, कारण ते त्यांना नंतर स्वतःहून सापडलं तर बाकीच्या कागदांवरचाही विश्वास जाईल.

सोमवारी १४ तारखेला सकाळी मेल पाठवला. कंपनीचा सगळा व्यवहार इंग्रजीत असल्यामुळे मेल इंग्रजीत होता, इथे मराठीत सांगते. सब्जेक्टमध्येच सगळं आलं पाहिजे असं बघितलं: "रिलीव्हिंग व एक्सपिरियन्स लेटरसाठी विनंती, एम्प्लॉयी कोड अमुक, क्वालिटी विभाग, ३ जून २०१९ ते ३० ऑगस्ट २०२२". म्हणजे मॅडमना मेल उघडायच्या आधीच फाइल शोधता यावी. आत मजकूर साधारण असा होता:

"आदरणीय मॅडम, शुक्रवारी फोनवर बोलल्याप्रमाणे हा रीतसर अर्ज करत आहे. मी वरील काळात क्वालिटी विभागात काम केले. माझा राजीनामा १ जुलै २०२२ चा असून तो मंजूर झाल्याचा मेल सोबत जोडला आहे. नोटीस पिरियड पूर्ण केला असून फुल अँड फायनल ऑक्टोबर २०२२ मध्ये जमा झाले आहे. मला दोन पत्रे हवी आहेत. रिलीव्हिंग लेटरमध्ये राजीनाम्याची तारीख आणि कार्यमुक्त केल्याची तारीख. एक्सपिरियन्स लेटरमध्ये कामाचा कालावधी आणि हुद्दा. कामगिरीबद्दल काही लिहिण्याची आवश्यकता नाही. पीएफच्या नोंदीत एक्झिटची तारीख ३१ ऑगस्ट दिसते, ती मी स्वतः भरली होती, प्रत्यक्ष शेवटचा दिवस ३० ऑगस्ट आहे, पत्रात कृपया हीच तारीख असावी. तुमचा वेळ वाचावा म्हणून दोन्ही पत्रांचा कच्चा मसुदा वर्डमध्ये जोडला आहे, कंपनीचा ठरलेला फॉरमॅट असेल तर तोच वापरावा. नवीन कंपनीच्या व्हेरिफिकेशनसाठी ३१ ऑक्टोबरपर्यंत मिळाल्यास मोठी मदत होईल. मूळ प्रत घ्यायला मी स्वतः येईन."

यात कामगिरीबद्दल लिहू नका ही ओळ मी मुद्दाम टाकली. मला माझ्या कामाचं कौतुक नको होतं असं नाही, तीन वर्षं मी जीव लावून काम केलं तिथे, पण ज्या मॅडमनी मला पाहिलंच नाही त्यांनी "कष्टाळू आणि प्रामाणिक" असं लिहायचं म्हणजे त्यांना कुणाला तरी विचारावं लागणार, तो माणूस मीटिंगमध्ये असणार, आणि पत्र आठवडाभर तिथेच अडकणार. तारखा आणि हुद्दा रजिस्टरवरून कळतो, त्याला कुणाला विचारावं लागत नाही. व्हेरिफिकेशनवाल्यांनाही तेवढंच लागतं.

अटॅचमेंटना नावं नीट दिली, एक अपॉइंटमेंट लेटर, दोन इन्क्रिमेंट लेटर, तीन राजीनामा मंजुरी, अशी क्रमाने, आणि मेलच्या शेवटी कुठल्या कागदात काय बघायचं ते एकेका ओळीत लिहिलं. डायरेक्टरना सीसीत घेतलं नाही. तो जुना रागाचा ड्राफ्ट डिलीट केला.

बुधवारी उत्तर आलं! फाइल सापडली, तारखा जुळतात, पण नो ड्यूजवर टूल स्टोअरची सही नाही, आणि स्टोअरच्या लिस्टवर तुमच्या नावाने एक मायक्रोमीटर दिसतोय, तो क्लिअर झाल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर देता येणार नाही.

मला धस्सच झालं. शून्य ते पंचवीस एमएमचा आउटसाइड मायक्रोमीटर, लाकडी डबीतला, त्याच्या डबीच्या झाकणाला एक चीर गेलेली हेसुद्धा मला आठवत होतं. आणि हेही आठवत होतं की शेवटच्या आठवड्यात तो मी लाइनवरच्या दादांच्या हातात दिला होता, कारण माझं इन्स्पेक्शनचं काम तेच घेणार होते. फक्त इश्यू रजिस्टरमध्ये माझं नाव काढून त्यांचं नाव लिहिलं गेलं नव्हतं. रजिस्टर बघितलं तर मायक्रोमीटर माझ्याकडे आहे, प्रत्यक्षात तो दोन वर्षं कंपनीतच वापरात आहे.

हे सिद्ध कसं करायचं? मी दिला होता असं नुसतं सांगून काही होणार नव्हतं, माझा शब्द आणि त्यांचं रजिस्टर यात रजिस्टरच जिंकणार. पण क्वालिटीत काम केल्यामुळे एक गोष्ट माहीत होती, की प्रत्येक मेझरिंग इन्स्ट्रुमेंटला आयडी नंबर असतो, त्याचं ठरलेल्या मुदतीने कॅलिब्रेशन, म्हणजे माप अचूक येतंय का याची तपासणी, होतं आणि त्यावर छोटा स्टिकर लागतो, आयडी, कॅलिब्रेशन झाल्याची तारीख आणि पुढची तारीख लिहिलेला. दादांना फोन केला, म्हटलं दादा तो चीर गेलेल्या डबीतला मायक्रोमीटर अजून आहे का तुमच्याकडे, तर ते म्हणाले अगं आत्ता हातातच आहे. मी त्यांना फोटो वगैरे मागितला नाही, कारण त्यांच्या शॉपमध्ये मोबाइल न्यायची परवानगी नाही हे मला माहीत होतं आणि माझ्यामुळे त्यांना त्रास नको होता. फक्त स्टिकरवरचा आयडी आणि तारीख वाचून दाखवायला सांगितली. शेवटचं कॅलिब्रेशन जानेवारी २०२४ चं.

मग मॅडमना उत्तर लिहिलं, की स्टोअरच्या लिस्टवर जो इन्स्ट्रुमेंट आयडी आहे तेच इन्स्ट्रुमेंट सध्या लाइनवर वापरात आहे, जानेवारी २०२४ मध्ये म्हणजे मी सोडल्यानंतर सोळा महिन्यांनी त्याचं कॅलिब्रेशन झालंय, त्याची नोंद क्वालिटी विभागाच्या कॅलिब्रेशन रजिस्टरमध्ये मिळेल, कृपया त्यावरून स्टोअरची एंट्री बदलून घ्यावी. कुणाची चूक होती, सर सही घेणार होते, असलं काही त्यात लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टोअरवाले काकांचाच फोन आला, म्हणाले, "पोरी, जाताना एकदा भेटून गेली असतीस तर एवढं झालंच नसतं." त्यांनी सही केली. मनापासून सांगते, कंपनी सोडताना बाकी काही राहिलं तरी चालेल पण नो ड्यूजची एकही चौकट रिकामी ठेवून गेटबाहेर पडू नका, आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो एचआरला विचारून स्वतःकडे घ्या.

शुक्रवारी १८ ला मॅडमनी दोन्ही लेटर्सचा ड्राफ्ट तपासायला पाठवला. सही व्हायच्या आधी बघायला मिळालं हे फार बरं झालं, कारण त्यात दोन गोष्टी चुकल्या होत्या. एक म्हणजे हुद्दा ट्रेनी इंजिनियर लिहिलेला, कारण पेरोलमध्ये २०२१ चा बदल चढवलेलाच नव्हता. मी त्यांना इन्क्रिमेंट लेटरचा दुसरा परिच्छेद दाखवला आणि सुचवलं की ट्रेनी इंजिनियर म्हणून रुजू आणि सोडताना क्वालिटी इंजिनियर, असं दोन्ही लिहा. माझ्या रिझ्युमेवर क्वालिटी इंजिनियर आहे, लेटरवर नुसतं ट्रेनी आलं असतं तर एजन्सीने तो थेट फरक म्हणून दाखवला असता.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. रिलीव्हिंग लेटरवर वरच्या कोपऱ्यात तारीख ३० ऑगस्ट २०२२ टाकलेली. त्यांनी माझ्या भल्यासाठीच टाकली होती, म्हणाल्या जुन्या तारखेचं असलं की कुणी प्रश्न विचारणार नाही. पण खाली सही त्यांची, आणि त्या तर २०२३ मध्ये आल्या! ज्या तारखेला त्या कंपनीत नव्हत्याच त्या तारखेच्या पत्रावर त्यांची सही, हे कुणीही पाच मिनिटांत पकडलं असतं, आणि मग माझा आणि त्यांचा दोघींचा खरेपणा संशयात. मी फोन करून म्हटलं मॅडम, वर आजची तारीख टाका, आत कार्यमुक्त केल्याची तारीख ३० ऑगस्ट राहू द्या, आणि जावक नंबरही आजचाच द्या. पत्र उशिरा दिलं यात लपवण्यासारखं काहीच नाही. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या हो, हे माझ्यासाठीसुद्धा बरं आहे.

त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारल्या. एजन्सीचा मेल येईल तेव्हा कुठल्या आयडीवर यावा, कारण मी आधी फॉर्ममध्ये जुन्या सरांचा आयडी दिलेला आणि तो तर बंद होता, त्यांनी कॉमन आयडी द्यायला सांगितला आणि मी लगेच बदलून घेतला. आणि सहीसाठी काउंटर साइन लागतं का. लागत होतं, डायरेक्टर साहेबांचं, आणि साहेब कागदांवर सह्या मंगळवारीच करतात. म्हणून सोमवारी २१ तारखेला सकाळी मी फक्त एक ओळ पाठवली, की उद्याच्या सह्यांच्या फाइलमध्ये माझी दोन पत्रं जातील का. पुढच्या आठवड्यात दिवाळीची सुट्टी लागणार होती, तो मंगळवार चुकला असता तर गाडं थेट नोव्हेंबरवर गेलं असतं.

माझ्या एका मैत्रिणीचं प्रकरण मात्र असं सुटलं नाही. तिने नोटीस पिरियड बावीस दिवस कमी केला होता आणि कंपनी त्या दिवसांचे पैसे मागत होती. तिथे कितीही छान मेल लिहिला तरी लेटर निघत नाही, आधी रकमेचा हिशेब लेखी मागायचा, तो पटला की भरून पावती घ्यायची आणि ती पावती जोडून मग अर्ज करायचा, तिने शेवटी तसंच केलं. आणि कंपनीच बंद पडली असेल तर एजन्सीला तसं सांगून पीएफची सर्व्हिस हिस्टरी, सॅलरी स्लिप, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट आणि फॉर्म २६एएस पुढे करावं लागतं. टीडीएस कापला गेला असेल तर २६एएसमध्ये कंपनीच्या नावाने पगाराची नोंद दिसते. हे कागद मी माझ्यासाठीही तयार ठेवले होते, लेटर नाहीच मिळालं तर म्हणून.

बुधवारी २३ ला मी हाफ डे टाकून भोसरीला गेले. गेटवर टाइम ऑफिसच्या खिडकीतून जावक रजिस्टर पुढे आलं, मी सही केली, आणि पाकीट घेतलं. तिथेच उभं राहून दोन्ही पत्रं वाचली, नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे, एम्प्लॉयी कोड, दोन्ही तारखा, हुद्दा, सही, शिक्का. मॅडम खाली आल्या होत्या, पहिल्यांदाच भेटलो आम्ही. मी घरून रव्याचे लाडू नेले होते, एक डबा त्यांना आणि एक स्टोअरवाल्या काकांना.

घरी येऊन स्कॅन करून एजन्सीच्या लिंकवर चढवलं. दिवाळीनंतर ६ नोव्हेंबरला एजन्सीचा मेल मॅडमना गेला आणि त्यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं. पीएफमधल्या एका दिवसाच्या फरकाबद्दल एजन्सीने मला विचारलं, मी १४ तारखेच्या मेलमधली ती ओळ आणि लेटर दोन्ही पाठवलं, दोन दिवसांत भोसरीच्या नोकरीपुढे ग्रीन लागलं.